मुळशीच्या ओव्यांची ध्वनिफीत : मला काय ऐकू येत नाही, आणि शब्द लिहून मिळतील का?

कातळफूल

'लोकपरंपरा' विभागात मुठाकाठ यांनी परवा आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ६ मिनिटे ४० सेकंदांची ध्वनिफीत चढवली आहे. सोबत "१९८७ सालची कॅसेट, गाव मुळशी तालुक्यात" एवढी एकच ओळ आहे. त्याखाली चाळीसेक प्रतिसाद आले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी "४:४० ला अंगावर काटा आला" असे लिहिले आहे. मी ती फीत सहा वेळा ऐकली, पण ४:४० ला काय होते ते मला कळले नाही. तिथली चर्चा अडवू नये म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि मी गेली बावीस वर्षे श्रवणयंत्रे वापरते. माझ्या श्रवणचाचणीच्या तक्त्यावर २५० हर्ट्झला ३० डेसिबल, १००० ला ५० आणि ४००० ला ८५ असे आकडे आहेत. म्हणजे जाड, खालचे आवाज मला बरे ऐकू येतात आणि वर जावे तसे सगळे विरत जाते. माणूस समोर बसून बोलत असेल तर उरलेले मी ओठांवरून भरून काढते, पण ध्वनिफितीला ओठ नसतात.

नुसते "ऐकू येत नाही" म्हटले तर आवाज वाढवा असे उत्तर मिळते, म्हणून काय ऐकू येते आणि काय नाही ते नेमके लिहिते. पहिली ३८ सेकंदे जात्याची घरघर आहे. तिच्यात साधारण ०:१४ च्या आसपास कोणी तरी बोलते असे वाटते, पण ते बोलणे आहे की भांडे सरकवल्याचा आवाज आहे, हे मी सांगू शकत नाही. ०:३८ ला बाईंचा आवाज सुरू होतो. चाल मला कळते, स्वर कळतात, पण शब्द असे पोचतात : "बाऊ मा.. उबा, ..इवं.. ..आ..ला". प्रत्येक ओळीचा आरंभ तर जवळजवळ पूर्णच बुडतो. २:०५ ला आवाज थांबतो. बाई खरोखर थांबल्या, की माझ्या यंत्राने त्यांच्या लांबवलेल्या सुराला शिट्टी समजून दाबले, हे मला कळायला मार्ग नाही. माझी यंत्रे बासरीच्या बाबतीत हे नेहमी करतात. ४:४० ला आवाज बदलल्यासारखा वाटतो. ५:५० नंतर चाल संथ होते आणि ६:२१ ला जाते थांबते, एवढे मात्र मला नक्की कळते, कारण घरघर बंद होते.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. ओव्यांचे शब्द आजींनी उच्चारले तसेच, वेळेसह लिहून मिळावेत. आणि शब्दांखेरीज जे काही घडते, कोण बोलते, कुठे थांबते, ४:४० ला काय होते, ते दोन-चार वाक्यांत सांगावे. मुठाकाठ यांना वेळ नसेल तर इथल्या कोणी तरी हे केले तरी चालेल, मात्र त्यांची संमती घेऊन.

तंबोरा

कातळफूल, तुम्ही इतके बारकाईने लिहिले आहे म्हणून मार्ग काढणे सोपे जावे. मी जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचे काम हौसेने करतो. ही फीत उतरवताना वरच्या पट्टीचे आवाज फारच दबलेले राहिले आहेत. इक्वलायझरमध्ये ३००० हर्ट्झच्या वरचा भाग १०-१२ डेसिबलने उचलला आणि एकूण आवाज वाढवला, तर तुम्हाला शब्द नक्की सुटे ऐकू येतील. मी तशी प्रत करून देऊ का? मग कोणाला बसून लिहीत राहण्याची गरज पडणार नाही.

कर्णिका

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून तंबोरा यांच्या सूचनेबद्दल थोडे लिहिते. हेतू चांगला आहे आणि अर्धा भाग बरोबरही आहे, पण अर्धा भाग उलटा पडेल.

स, श, ख, थ, फ, च, ट या वर्णांची ओळख पटवणारा जो भाग असतो, तो बहुतांशी २००० हर्ट्झच्या वर असतो, आणि 'स'चा तर ४००० च्याही वर. स्वर आणि म, न, ल, व, ब, ग हे त्या मानाने खाली राहतात. म्हणूनच 'भाऊ'चा 'बाऊ' ऐकू येतो आणि 'शिवंच्या'मधला 'शि' नुसता 'इ' होतो. कातळफूल यांनी लिहिलेली ओळ त्यांच्या तक्त्याशी तंतोतंत जुळते. पण ४००० ला ८५ डेसिबलचे नुकसान असते तेव्हा आतल्या कानातल्या त्या भागातल्या संवेदक पेशी बऱ्याचदा उरलेल्याच नसतात. तिथे आवाज वाढवून नेला की तो मोठा होतो, स्पष्ट होत नाही. शिवाय त्याच पट्ट्यात दगडावर दगड घासल्याची करकर आहे. वरचा भाग १२ डेसिबलने उचलला तर ती करकरही तितकीच उचलली जाईल आणि त्यांना डोकेदुखीखेरीज काही मिळणार नाही.

उपयोग झाला तर खालचा भाग कापण्याचा होईल. जात्याची घरघर २०० हर्ट्झच्या खाली फार दाट आहे, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. उलट दिशेने तसे फारसे होत नाही. तेवढी घरघर काढली की स्वर थोडे मोकळे होतील.

ओळींचा आरंभ का बुडतो, याचेही कारण सांगता येईल. त्या काळच्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप राखण्याची सोय असे. आजी श्वास घ्यायला थांबल्या की यंत्र शांतता समजून पातळी वर नेते आणि जात्याची घरघर मोठी होते. आजी पुढचा शब्द उचलतात तेव्हा तो त्या मोठ्या घरघरीत सापडतो आणि मगच पातळी पुन्हा खाली येते. ही खोट कॅसेटवरच आहे, आता कोणतेही बटण फिरवून ती जाणार नाही. म्हणून शब्द लिहून देणे हाच यावरचा खरा उपाय आहे. प्रत सुधारणे ही त्याच्या जोडीला करायची गोष्ट झाली.

तंबोरा

हे मला माहीत नव्हते. वरचा भाग उचलला की माझ्या कानांना शब्द सुटतात, म्हणून सर्वांनाच सुटत असतील असे मी धरून चाललो होतो. खालचा भाग कापलेली प्रत तयार केली आहे. ज्यांना स्वतः करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आज्ञा अशी :

```
ffmpeg -i ovya.mp3 -af "highpass=f=200" ovya-2.wav
```

मुठाकाठ, आपल्याकडे संगणकावर उतरवलेली मूळ मोठी फाइल असेल तर ती द्यावी. इथे चढवलेली फाइल मेसेजमधून आलेली दिसते. अशा पाठवणीत फाइल लहान करताना वरच्या पट्टीचा बराच भाग कापला जातो, तो नंतर परत आणता येत नाही.

जुनी_वही

मी बरीच वर्षे लोकगीते जमवतो आहे, म्हणून सांगतो. ओवी कळण्यासाठी तिचा भावार्थ कळणे महत्त्वाचे असते. या फितीत आजी आपल्या भावाची वाट पाहत आहेत. माहेरची ओढ हा ओवीतला फार जुना विषय आहे. मी सगळ्या ओव्यांचा सारांश प्रमाण मराठीत एका परिच्छेदात लिहून देतो, म्हणजे बोलीतले अवघड शब्द आड येणार नाहीत आणि कातळफूल यांचे समाधान होईल.

कातळफूल

जुनी_वही, तुम्ही वेळ देऊ केलात याबद्दल आभार, पण माझी अडचण वेगळी आहे. बोली मला कळते, माझे आजोळ मावळातलेच आहे. अर्थ कोणी समजावून द्यावा असे मला नको आहे, मला शब्दच हवे आहेत. तुम्हा सर्वांना आजींचा एकेक शब्द मिळाला आणि त्यावरून तुम्ही अर्थ लावलात. मला सारांश मिळाला तर तुमचा अर्थ मिळेल, आजींचे बोल मिळणार नाहीत. त्या 'वाटेला' म्हणतात की 'वाटंला', 'पाहुणे' म्हणतात की 'पाव्हणं', हेच मला वाचायचे आहे.

जुनी_वही

बरोबर आहे, मी प्रश्न चुकीचा वाचला. खरे तर हे मला आधी सुचायला हवे होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या मूळ बोलीत उतरवून घेतलेल्या आहेत. त्यांतल्या कित्येक आज ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहाच्या संकेतस्थळावर आवाजासोबत शब्दांनिशी वाचता येतात. तिथे बाई जसे म्हणाली तसेच लिहिले आहे. मी ते संकेतस्थळ नेहमी पाहतो, पण ऐकू न येणारा माणूस तिथे त्या लिखित शब्दांवरच अवलंबून असेल, हा विचार कधी मनात आला नव्हता.

परदेशी_पाखरू

थोडे वेगळे लिहिते, पण याच फितीबद्दल. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या मुलीचे कान ठणठणीत आहेत, ती घरात मराठी बोलते, तरी ही फीत लावली तेव्हा तिला चारपाच शब्दांपलीकडे काही कळले नाही. 'सांजच्या पारी' हे तिने कधी ऐकलेलेच नाही, मग ते घरघरीतून तिच्या कानाला कसे ओळखू यावे? शब्द समोर असते तर तिने माझ्याशेजारी बसून ते वाचत ऐकले असते. माझ्या आईच्या मालवणी गजालींच्या तीन कॅसेटी कपाटात आहेत. त्यांचेही असेच होणार, या विचाराने रात्री झोप लागली नाही. मलाही कोणी तरी सुरुवात कशी करायची ते सांगावे.

मुठाकाठ

कातळफूल ताई, मी मूळ धागा काढणारा. फीत चढवताना माझ्या मनात एकच गोष्ट होती, की कॅसेटची पट्टी चिकटू लागली आहे आणि आजीचा आवाज जायच्या आत कुठे तरी ठेवावा. ती कोणी वाचण्याची वाट पाहील, हे सुचले नाही. मी आज रात्री बसतो. संमतीचे म्हणाल तर आजीला जाऊन एकोणीस वर्षे झाली. वडिलांना विचारले, ते म्हणाले, लिहा, पण तिचे शब्द दुरुस्त करू नका.

मुठाकाठ (दोन दिवसांनी)

शब्द लिहिले आहेत. वहीच्या पानांचा फोटो इथे जोडतो. तीन पाने आहेत.

चष्मेवाला

मुठाकाठ, अक्षर सुंदर आहे, पण फोटोऐवजी कृपया टाइप करून द्यावे. माझी नजर अधू आहे, मी मजकूर मोठा करून वाचतो. फोटो मोठा केला की अक्षरे फुटतात. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीला फोटोतले अक्षर दिसत नाही. उद्या कोणी 'घुंगुर' हा शब्द शोधला तर हे पान सापडणारही नाही. आधी फितीत अडकलेले शब्द आता फोटोत अडकले आहेत.

मुठाकाठ

क्षमस्व. टाइप केले आहे. सहा मिनिटे चाळीस सेकंदांसाठी एकूण साडेतीन तास लागले. तंबोरांनी दिलेली प्रत हेडफोन लावून, तीन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून लिहिली. आजी प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा भाग दोनदा म्हणते. पहिल्या ओवीत मी तो दोनदा लिहिला आहे, पुढे फक्त 'दोनदा' अशी खूण केली आहे. सगळे मूळ फितीच्या खाली टाकले आहे, इथे त्यातल्या तीन जागा देतो.

०:३८
पहिली माझी ओवी, पाण्याच्या वाटंला, पाण्याच्या वाटंला
भाऊ माझा उभा, शिवंच्या काठाला, शिवंच्या काठाला

१:२१
दळण दळीते, कणगीच्या भाताचं (दोनदा)
पाव्हणं येतील, बंधूच्या गोताचं (दोनदा)

४:२६
बंधूच्या वाटंला, डोळं माझं लागलं (दोनदा)
सांजच्या पारी गं, बैलाचं घुंगुर वाजलं
[४:४० ला अतिशय भावुक क्षण]

२:०५ ला आजी खरेच थांबली आहे, तुमच्या यंत्राची चूक नाही. ती जात्यात वैरण घालते आहे. आधी दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज येतो, मूठभर दाणे तोंडात पडले की तो जड आणि मऊ होतो, मग ती पुढची ओवी उचलते. हे तिच्या हाताखाली बसून मी शेकडो वेळा ऐकले आहे, पण आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात आले.

निळी_खिडकी

मी जन्मतः बधिर आहे. माझी पहिली भाषा खुणांची आहे, मराठी मी शाळेत वाचून शिकले. मला फितीतले काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे कातळफूल यांच्यापेक्षा माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वैरण घालतानाचे तुमचे वर्णन मला फार आवडले, कारण ते वाचून मी हात पाहू शकले. पण "अतिशय भावुक क्षण" हे वाचून मला काहीही दिसत नाही. इतक्या जणांच्या अंगावर काटा आला, तो कशाने आला? त्या रडल्या का? ओरडल्या का? गाणे थांबले का, किती वेळ? भाव कोणता ते माझे मी ठरवीन, काय घडले तेवढे सांगावे.

दुसरे, "दोनदा" हे लिहिल्याबद्दल आभार. ओवीत शब्द परत येतात हे मला माहीत नव्हते. पुस्तकांत ते एकदाच छापलेले असतात.

मुठाकाठ

तुमचे म्हणणे मान्य आहे. मी ती जागा टाळली, कारण ती लिहिणे मला जड गेले. आता लिहितो.

४:३६ ला आजी "सांजच्या पारी गं, बैलाचं" इथपर्यंत म्हणते आणि "बैलाचं" या शब्दाच्या शेवटी तिचा आवाज चिरकतो. पुढचा शब्द येत नाही. जाते मात्र थांबत नाही, त्याचे दोन फेरे नुसतेच होतात, सुमारे चार सेकंद. मग ४:४० ला दुसऱ्या बाईचा आवाज येतो, आजीपेक्षा तरुण आणि उंच, तो "घुंगुर वाजलं" म्हणून ओळ पुरी करतो. ही माझी चुलती, जात्याच्या दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावून बसलेली. तोवर फितीत तिचा आवाज कुठेही नाही, ती नुसतीच दळत होती. "घुंगुर वाजलं" ती दुसऱ्यांदा म्हणते तेव्हा आजी मागून येऊन मिळते, आधी हळू, आणि पुढच्या ओवीपासून पुन्हा एकटी. चुलती परत गप्प होते.

आजीचा भाऊ त्या आधीच्या वर्षी वारला होता. हे फितीत ऐकू येत नाही, म्हणून ते मी वर्णनात न घालता खाली वेगळे लिहिले आहे.

निळी_खिडकी

आता कळले. दोन फेरे रिकामे. धन्यवाद.

कर्णिका

मुठाकाठ, जे फितीत आहे आणि जे तुम्हाला घरचे म्हणून ठाऊक आहे, ते वेगळे ठेवलेत हे फार चांगले केले. नुसते कान असलेल्या माणसाला जेवढे मिळते तेवढे वर्णनात, बाकीचे टिपेत, अशी रेघ ठेवली की वाचणारा आणि ऐकणारा एकाच जागी उभे राहतात.

तंबोरा

मला एका जागी शंका आहे. ५:५० ची ओवी तुम्ही अशी लिहिली आहे :

सरलं दळण, सुपात सात दाणं
माझ्या गं बंधूला, औक्ष मागणं

मला ते "साळ-दाणं" असे ऐकू येते. मुळशी हा भाताचा मुलूख आहे, वर कणगीच्या भाताचे दळण आहेच, मग सुपात साळीचे दाणे उरणे जास्त सरळ वाटते. मी तो तुकडा पाऊण वेगाने लावूनही पाहिला.

जुनी_वही

मला 'सात' वाटते. ओव्यांत सात, पाच, नऊ हे आकडे वारंवार येतात.

कर्णिका

मी तो तुकडा पडद्यावर आलेख काढून पाहिला. एरवी हा प्रश्न सुटला असता, कारण 'त' म्हणताना आवाज क्षणभर पूर्ण तुटतो आणि 'ळ' म्हणताना तुटत नाही. पण 'त'च्या लगेच पुढे 'द' आहे. 'सात दाणं' सलग म्हटले की ते 'साद्दाणं' होते, कंठाचा नाद चालू राहतो आणि ती तूट भरून निघते. वरून नेमक्या त्याच वेळी दगडाची करकर आहे. एकदा पाहिले तेव्हा 'ळ' वाटला, दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा 'त'. मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

कातळफूल

हे वाचून मला किती बरे वाटले ते सांगू का? इतकी वर्षे मी धरून चालले होते, की मला न कळलेला प्रत्येक शब्द तुम्हा सर्वांना लख्ख ऐकू येतो. कृपया दोन्ही पाठ ठेवा : "सुपात [सात / साळ?] दाणं, ५:५२, अस्पष्ट" असे. एकच निवडून लिहिलात तर मी तोच खरा धरून चालेन, कारण ताडून पाहायला माझ्याकडे दुसरे साधन नाही. तुम्हाला जी शंका आहे ती मलाही मिळाली पाहिजे.

मुठाकाठ

तसे केले आहे. चुलतीला फोन केला, ती आता सत्तरीची आहे. ती म्हणाली, "आमी सातच म्हनायचो." मग थोडे थांबून म्हणाली, "पर तुजी आजी तिच्या म्हायेरची चाल म्हनायची, तिकडं साळ म्हनत असतील." तेव्हा प्रश्न तिथेच राहिला. तिचे हे म्हणणेही टिपेत घातले आहे.

परदेशी_पाखरू

मी काल आईच्या पहिल्या कॅसेटची दहा मिनिटे लिहून काढली. गप्पा असल्यामुळे ओवीपेक्षा जलद झाले, तरी अडीच तास लागले. मध्ये दोघी एकाच वेळी बोलतात, तिथे काय करावे?

कर्णिका

कोण बोलते ते प्रत्येक वेळी ओळीच्या आरंभी लिहा. दोघी एकदम बोलत असतील तर जिचे शब्द पूर्ण कळतात तिचे लिहा आणि दुसरीबद्दल "त्याच वेळी आई हसत काही तरी म्हणते, शब्द कळत नाहीत" असे लिहा. अंदाजाने भरू नका. हसणे, खोकला, दार वाजणे, यांतले ज्याने पुढचे बोलणे बदलते तेवढेच घ्या. पंखा चालू असेल तर तो एकदा आरंभी सांगितला की पुरे.

चष्मेवाला

व्यवस्थापकांना एक विनंती करतो. ध्वनिफीत चढवण्याच्या पानावर फाइलच्या चौकटीखालीच 'शब्द किंवा वर्णन' अशी मजकुराची चौकट द्यावी. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत नुसत्या ध्वनिफितीला लिखित पर्याय देणे हा १.२.१ क्रमांकाचा, अगदी पहिल्या पायरीचा निकष आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम असावा, याची जबाबदारी कलम ४२ ने शासनावर टाकली आहे. आपला मंच खासगी आहे आणि कायद्याचा धाक घालण्याचा माझा हेतू नाही, पण चौकट समोर दिसली तर माणूस भरतो.

जुनी_वही

चौकट सक्तीची करू नये असे माझे मत आहे. सक्ती केली तर कित्येक जण फीत चढवणारच नाहीत, आणि माझ्या वयाच्या माणसाला साडेतीन तास टाइप करणे झेपत नाही. माझ्याकडे अशा साठ-सत्तर फिती आहेत.

निळी_खिडकी

ज्या दिवशी फीत चढते त्या दिवशी सगळे शब्द हवेत असे मी म्हणणार नाही. पण दोन ओळींचे वर्णन त्याच दिवशी हवे : किती मिनिटे, कोण, काय म्हणते, कुठे. नाही तर माझ्यापुढे फक्त एक त्रिकोणी बटण असते, आणि त्याच्या आत पाऊस आहे की भाषण, तेही मला कळत नाही.

जुनी_वही

दोन ओळी मी नक्की लिहू शकेन. पूर्ण शब्दांचे काय करावे, ते मात्र मला अजून सुचत नाही.

कातळफूल

आज सकाळी मजकूर समोर ठेवून फीत सातव्यांदा लावली. कर्णिका यांनी सांगितलेली खालचा भाग कापलेली प्रत घेतली आणि यंत्रावर संगीतासाठीची मांडणी लावली, म्हणजे लांब सुराला शिट्टी समजून दाबणे बंद होते. 'शिवंच्या काठाला' हे शब्द डोळ्यांनी वाचत होते आणि ते कानातही उमटले. 'श' ऐकू आला असे मी म्हणणार नाही, तो माझ्यासाठी तिथे नाहीच, पण त्याची जागा मला सापडली. ४:३६ नंतरचे दोन फेरे मी मोजले. आधी सहा वेळा मी तिथे यंत्राचा दोष समजून आवाज वाढवत बसले होते.

एकच विचारायचे राहिले. ०:१४ ला कोण बोलते? मजकुरात ती जागा मोकळी आहे.

मुठाकाठ

ती सुटली, आता घातली आहे. ०:१४ ला लहान मुलाचा आवाज आहे, "बाबा, लाल दिवा लागला का?" वडील दबक्या आवाजात म्हणतात, "लागलाय, गप बस." तो मुलगा मी आहे, तेव्हा सात वर्षांचा होतो.

कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवायची आहे, ती अकरा मिनिटांची आहे. शब्द लिहून झाले की दोन्ही एकदमच चढवतो, त्याला दोन-तीन आठवडे लागतील.